ग्रहीय तेजोमेघ दुर्बिणीतून ओळखावा कसा: एम ५७ आणि एनजीसी ७००९ यांची क्रमवार कृती

ग्रहीय तेजोमेघ पाहायला निघालेले बहुतेक नवे निरीक्षक "दिसला नाही" असे सांगत परततात, आणि त्यांची हकीकत नीट विचारून घेतली तर बऱ्याचदा असे आढळते की तेजोमेघ त्यांच्या आयपीसमध्ये होता, पण तो तारा समजून त्यांनी दुर्बीण पुढे सरकवली. काहीजण छायाचित्रातले लाल-निळे रंग शोधत राहतात. काहीजण नावातल्या 'ग्रहीय' या शब्दामुळे ग्रहाशी त्याचा काही संबंध असेल असे धरून चालतात. ग्रहाशी त्याचा संबंध मुळीच नाही. जुन्या दुर्बिणींतून त्याची फिकट, गोल तबकडी ग्रहासारखी भासली, म्हणून ते नाव चिकटले. या लेखात दोनच वस्तू घेतल्या आहेत. स्वरमंडल समूहातला एम ५७, म्हणजे वलय तेजोमेघ, सोपा आहे आणि हात बसवण्यासाठी योग्य आहे. कुंभ राशीतला एनजीसी ७००९ तेजस्वी असूनही चकवा देणारा आहे, म्हणून खरी पद्धत त्याच्यावरच शिकता येते.

कृतीआधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते, कारण पुढची ओळख तिच्यावरच उभी आहे. सूर्यासारखा तारा आयुष्याच्या शेवटी आपले बाहेरचे थर सोडून देतो आणि उघडा पडलेला अतितप्त गाभा आपल्या अतिनील किरणांनी त्या वायूला प्रकाशमान करतो. हा वायू ताऱ्याप्रमाणे सगळ्या तरंगलांबींवर प्रकाश देत नाही. डोळ्याला जाणवणारा त्याचा बराचसा प्रकाश दुहेरी आयनीभूत ऑक्सिजनच्या दोन हिरव्या रेषांमध्ये, ४९५.९ आणि ५००.७ नॅनोमीटरवर, एकवटलेला असतो. अंधाराला सरावलेला डोळाही जवळपास याच भागात, ५०७ नॅनोमीटरच्या आसपास, सर्वांत संवेदनशील असतो. तारा आणि तेजोमेघ यांच्यातला हाच फरक फिल्टर लावून उघडा पाडायचा आहे.

## पूर्वतयारी

१. रात्र आणि वेळ निवडणे

महाराष्ट्रातून स्वरमंडल संध्याकाळी उत्तम उंचीवर असते ते नेमके पावसाळ्यात. त्यामुळे आपल्याला दोनच खिडक्या उरतात: एप्रिल-मेमध्ये पहाटे साडेतीन-चारच्या सुमारास, किंवा पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये अंधार पडताच. दोन्ही वस्तू एकाच बैठकीत हव्या असतील तर ऑक्टोबरच योग्य. पुणे-मुंबई परिसरातून १५ ऑक्टोबरच्या आसपास साडेसातला एम ५७ वायव्य बाजूला सुमारे ६४ अंश उंच असतो, आणि एनजीसी ७००९ रात्री आठच्या सुमारास दक्षिणेला याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, ६० अंश उंचीवर येतो. तारीख एका दिवसाने पुढे गेली की ही वेळ ४ मिनिटांनी अलीकडे येते, म्हणून १ ऑक्टोबरला तीच स्थिती नऊच्या सुमारास मिळते. अमावास्येच्या आसपासची रात्र धरावी.

एम ५७ डोक्यावर असताना डॉबसन दुर्बिणीने तो पकडण्याचा हट्ट धरू नये. आपल्या अक्षांशावर तो याम्योत्तर ओलांडताना ७५ अंशांहून उंच जातो, आणि इतक्या उंचीवर नळी जवळजवळ उभी असल्याने तिला आडवे ढकलणे अवघड होते. तो थोडा खाली उतरल्यावरच काम सुरू करावे.

२. साधने मांडणे

पुढची सर्व मापे १५० मिलिमीटर व्यासाच्या आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या डॉबसन दुर्बिणीसाठी आहेत, कारण हौशी मंडळांमध्ये तीच जास्त सापडते. तिच्यात २५ मिलिमीटरचा आयपीस ४८ पट, १० मिलिमीटरचा १२० पट आणि ६ मिलिमीटरचा २०० पट विशालन देतो. साधा प्लॉसल आयपीस असेल तर ४८ पटीला आकाशाचे सुमारे एक अंश रुंदीचे क्षेत्र दिसते. हा आकडा लक्षात ठेवावा. शोधण्याचे सगळे माप त्यातच सांगितले आहे.

याशिवाय ओ-थ्री नावाने मिळणारा फिल्टर, लाल प्रकाशाची विजेरी, सेकंद दाखवणारे घड्याळ आणि कागदावर छापलेला नकाशा लागतो. मोबाइलवरचा नकाशा वापरायचाच असेल तर पडद्यावर लाल थर चढवून आणि उजेड अगदी कमी करून वापरावा.

३. दुर्बीण आणि डोळे तयार करणे

दुर्बीण निरीक्षणाच्या निदान ४० मिनिटे आधी उघड्यावर ठेवावी, म्हणजे आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होतो. दिवस मावळण्याआधी लांबच्या एखाद्या टॉवरवर किंवा दिव्याच्या खांबावर फाइंडर जुळवून घ्यावा आणि अंधार पडल्यावर स्वरमंडलातल्या तेजस्वी अभिजित ताऱ्यावर तो पुन्हा तपासावा. त्यानंतर किमान २० मिनिटे पांढरा उजेड डोळ्यांवर पडू देऊ नये. ऑक्टोबरच्या रात्री सह्याद्रीच्या पठारांवर दव लवकर पडते, म्हणून फाइंडरचे भिंग आणि आयपीस मधूनमधून पाहत राहावे. दवाने धूसर झालेला आयपीस प्रत्येक ताऱ्याभोवती खोटा तेजोमेघ उभा करतो.

*तपासणी:* अभिजित १२० पटीला क्षेत्राच्या मध्यावर आणावा आणि फोकस जरासा बिघडवावा. गोल, समकेंद्री कडी दिसली पाहिजेत. कडी एका बाजूला सरकलेली असतील तर आरसे जुळलेले नाहीत. कडी उकळत्या पाण्यासारखी हलत असतील तर आरसा अजून गरम आहे. अशा वेळी पुढे जाऊ नये, कारण पंचवीस विकलांची, म्हणजे अंशाच्या ३,६०० भागांपैकी पंचवीस भागांची, तबकडी आणि फुगलेला तारा यांतला फरक असा आरसा दाखवणार नाही.

## पहिला टप्पा: एम ५७

४. दोन ताऱ्यांमधली जागा शोधणे

अभिजितच्या खाली ताऱ्यांचा एक छोटा समांतरभुज चौकोन दिसतो. त्याच्या अभिजितपासून दूरच्या बाजूचे दोन तारे म्हणजे शेलियाक आणि सुलाफात. दोघांत आकाशात सुमारे २ अंशांचे अंतर आहे. एम ५७ जवळजवळ त्यांना जोडणाऱ्या रेषेवर, शेलियाकपासून ०.८ अंशावर आहे, म्हणजे बरोबर मध्यावर नसून शेलियाककडे थोडा झुकलेला आहे. ठीक मध्यावर शोधणे ही इथली नेहमीची चूक असते.

२५ मिलिमीटरचा आयपीस लावून आधी शेलियाक मध्यावर आणावा. आता नळी सुलाफातच्या दिशेने सावकाश सरकवावी, शेलियाक क्षेत्राच्या कडेला टेकेपर्यंत. त्या क्षणी तेजोमेघ क्षेत्राच्या आत आलेला असतो. मध्यबिंदूच्या थोडा पलीकडे, शेलियाकच्या विरुद्ध बाजूला.

*सावधान:* डॉबसनसारख्या न्यूटनीय दुर्बिणीत प्रतिमा १८० अंशांनी फिरलेली असते, आणि काटकोनी आरसा लावलेल्या भिंगाच्या दुर्बिणीत ती डावी-उजवी उलटते. "सुलाफातच्या दिशेने" म्हणजे आयपीसमधल्या दिशेने नव्हे, तर नळीच्या बाजूने नुसत्या डोळ्यांनी आकाशाकडे पाहून ठरवलेल्या दिशेने.

५. तबकडी ओळखणे

४८ पटीला एम ५७ फोकसमध्ये न येणाऱ्या एखाद्या राखाडी ताऱ्यासारखा दिसतो. आजूबाजूचे तारे सुईच्या टोकासारखे झाले तरी तो एकटा पसरट राहतो. नवखा निरीक्षक इथेच फोकस फिरवत बसतो, आणि तारे बिघडले की तेजोमेघही हरवतो. फोकस नेहमी ताऱ्यांवर जुळवावा आणि मग त्याला हात लावू नये.

आता १० मिलिमीटरचा आयपीस लावावा. अंधुक वस्तूंना विशालन कमी ठेवावे, असा उपदेश दीर्घिकांच्या बाबतीत अनेकदा ऐकलेला असतो आणि तो इथे आडवा येतो. ग्रहीय तेजोमेघ आकाराने लहान असले तरी त्यांचा प्रकाश थोड्या जागेत दाटलेला असतो, त्यामुळे त्यांना विशालन सोसते. १२० पटीला वस्तूकडे थेट न पाहता नजर थोडी बाजूला ठेवावी, म्हणजे तिचा प्रकाश डोळ्याच्या अधिक संवेदनशील भागावर पडतो. अर्ध्या-एक मिनिटात मधला भाग कडेपेक्षा काळसर आहे हे जाणवू लागते. मग आकार गोल नसून किंचित लांबट आहे आणि त्याची दोन टोके बाजूंपेक्षा फिकी आहेत, हेही दिसते. एवढे दिसले की एम ५७ पाहिला असे खुशाल लिहावे.

मधला तारा शोधण्यात वेळ घालवू नये. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद, आणि तो पंधराव्या प्रतीहूनही मंद असल्याने १५० मिलिमीटरच्या दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर आहे. ज्यांना तो "दिसतो" त्यांना बहुधा वलयाच्या बाहेरचा, पूर्वेकडचा, त्याहून तेजस्वी असा एक तारा दिसत असतो. लाल रंगही दिसणार नाही, कारण तो हायड्रोजनच्या ६५६ नॅनोमीटरच्या रेषेतून येतो आणि अंधारात सरावलेला डोळा त्या तरंगलांबीला जवळजवळ आंधळा असतो. कॅमेऱ्याला तो दिसतो, डोळ्याला नाही. यात दुर्बिणीचा काही दोष नाही.

## दुसरा टप्पा: एनजीसी ७००९

६. न्यू कुंभ ताऱ्यापासून पश्चिमेकडे

कुंभ राशीच्या पश्चिम टोकाशी एप्सिलॉन हा ३.८ प्रतीचा तारा आहे. त्याच्यापासून आग्नेयेला, पण दक्षिणेपेक्षा पूर्वेकडे बराच जास्त झुकून, सुमारे ६ अंशांवर न्यू हा ४.५ प्रतीचा तारा सापडतो. हे अंतर नेहमीच्या ५० मिलिमीटर फाइंडरच्या साधारण एका क्षेत्राइतके आहे. शहराच्या उजेडात न्यू नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही, म्हणून फाइंडरमधूनच जावे.

न्यू आणि एनजीसी ७००९ यांची क्रांती, म्हणजे आकाशाच्या विषुववृत्तापासूनचे अंशांतले अंतर, जवळपास सारखीच आहे, आणि तेजोमेघ न्यूच्या सरळ पश्चिमेला १.३ अंशावर आहे. याचा उपयोग असा करावा. वस्तू याम्योत्तर वृत्तावर आलेली असताना न्यू ४८ पटीच्या क्षेत्राच्या मध्यावर आणावा आणि दुर्बिणीवरून हात काढावा. तारा हळूहळू सरकत ज्या कडेतून बाहेर जाऊ लागेल ती पश्चिम. तारा पुन्हा मध्यावर आणून दुर्बीण त्याच पश्चिमेकडे, दक्षिणेकडे तोंड करून उभे असल्यास उजवीकडे, केवळ आडवी ढकलावी. उंची मुळीच बदलू नये. क्षेत्राच्या रुंदीच्या सव्वापट सरकले की तेजोमेघ क्षेत्रात असतो. याम्योत्तराची वेळ धरण्याचा आग्रह म्हणूनच आहे. तास-दीड तास मागेपुढे झाले की पश्चिम दिशा तिरकी होते आणि नुसत्या आडव्या धक्क्याने दुर्बीण वस्तूच्या वरून किंवा खालून निघून जाते.

७. फिल्टरने ताऱ्यांतून वेगळा काढणे

आता क्षेत्रात काही तारे आहेत आणि त्यांतला एक तारा नाही. एनजीसी ७००९ आठव्या प्रतीचा, म्हणजे चांगला तेजस्वी आहे, पण त्याचा उजळ भाग जेमतेम २५ विकला रुंद आहे. ४८ पटीला तो थोडा जाडसर ताऱ्यासारखा दिसतो. लोक त्याला ओलांडून जातात ते इथेच.

ओ-थ्री फिल्टर आयपीसला स्क्रूने बसवू नये. तो दोन बोटांत कडेने धरावा, काचेला बोट लागू देऊ नये, आणि डोळा व आयपीस यांच्यामध्ये आणून पुन्हा बाजूला करावा. साधारण सेकंदाला एकदा, आत-बाहेर. फिल्टर फक्त त्या दोन हिरव्या रेषांजवळचा अरुंद पट्टा आत सोडतो. ताऱ्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत विखुरलेला असल्याने फिल्टर आत येताच सगळे तारे दोन-तीन प्रतींनी मंदावतात, काही नाहीसे होतात. एक ठिपका मात्र जवळजवळ तसाच राहतो आणि सगळ्यांत तेजस्वी ठरतो. तोच एनजीसी ७००९.

हा बदल पहिल्यांदा स्पष्ट दिसतो तो क्षण नव्या निरीक्षकाच्या शेजारी उभे राहून पाहण्यासारखा असतो. तोवर नकाशावर विश्वास ठेवून "हाच असावा" म्हणणारा माणूस एकदम बोट दाखवून "हाच" म्हणतो.

*सावधान:* ही उघडझाप कमी विशालनावरच करावी. २०० पटीला आयपीसमधून बाहेर पडणारी प्रकाशशलाका एक मिलिमीटरपेक्षा बारीक होते, तीवर हा फिल्टर धरला तर तारे आणि तेजोमेघ दोन्ही बुडतात आणि तुलना करायला काहीच उरत नाही. दीर्घिका ओळखण्यासाठीही ही युक्ती चालत नाही, कारण दीर्घिकांचा प्रकाश ताऱ्यांचाच असतो.

८. विशालन वाढवून खात्री करणे

ओळखलेला ठिपका मध्यावर आणून फिल्टर बाजूला ठेवावा आणि आधी १२०, मग २०० पटीवर जावे. २०० पटीला लहानशी, कडा बऱ्यापैकी ठसठशीत असलेली लांबट तबकडी दिसते. तिच्यावर नजर सरळ ठेवली तर निळसर-हिरवी छटाही जाणवते. एम ५७ राखाडी दिसतो आणि हा रंगीत, याचे कारण असे की याचा प्रकाश छोट्या जागेत इतका दाटलेला आहे की डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशीही जाग्या होतात. रंग हवा असेल तेव्हा नजर सरळ, आकार हवा असेल तेव्हा नजर बाजूला, हा क्रम पाळावा.

या तेजोमेघाला 'शनी तेजोमेघ' म्हणतात, कारण त्याच्या दोन्ही टोकांना फिकट मुठींसारखे फाटे आहेत. ते मोठ्या दुर्बिणीचे आणि चांगल्या आकाशाचे काम आहे. १५० मिलिमीटरमध्ये शनीची कडी शोधू नयेत.

*तपासणी:* तेजोमेघ क्षेत्राच्या मध्यावर ठेवून दुर्बिणीला हात न लावता थांबावे. पृथ्वीच्या परिवलनामुळे सुमारे साडेपाच मिनिटांनी न्यू तारा पूर्वेकडून येऊन जवळजवळ त्याच जागेवरून जातो. तो आला तर जागेबद्दल शंका उरत नाही. यासाठी पुन्हा ४८ पटीचा आयपीस लावावा आणि घड्याळ पाहावे.

## तिसरा टप्पा: एम ५७ चे वय काढणे

९. सरकण्याच्या वेळेवरून व्यास मोजणे

ग्रहीय तेजोमेघ साधारणपणे दहा-वीस हजार वर्षेच दिसत राहतो. पुढे वायू विरळ होत जातो, मधला तारा मंदावतो आणि कवच अंधारात मिसळते. सूर्यासारख्या ताऱ्याचे आयुष्य सुमारे १,००० कोटी वर्षांचे आहे हे लक्षात घेतले तर हा काळ किती थोडा आहे ते कळते. एम ५७ या काळात कुठे आहे याचा अंदाज घड्याळाने काढता येतो.

एम ५७ वर परत यावे. तोवर तो आणखी खाली उतरलेला असतो. २०० पटीचा आयपीस लावून तो क्षेत्राच्या मध्यरेषेवरून पश्चिम कडेकडे सरकेल अशी दुर्बीण ठेवावी आणि सोडून द्यावी. वलयाची पुढची कड क्षेत्राच्या कडेला टेकल्यापासून मागची कड नाहीशी होईपर्यंतचा वेळ सेकंदांत मोजावा. तीन-चार वेळा मोजून सरासरी घ्यावी. ती साधारण ६ सेकंद येते. आकाश विषुववृत्तावर सेकंदाला १५ विकला सरकते, पण एम ५७ च्या ३३ अंश क्रांतीवर ते १२.६ विकलाच सरकते. म्हणून व्यास सहा गुणिले १२.६, म्हणजे सुमारे ७६ विकला, आणि त्रिज्या ३८ विकला. क्रांतीची ही दुरुस्ती विसरणे ही गणितातली सर्वांत सामान्य चूक आहे. ती विसरली तर तेजोमेघ विनाकारण १५-२० टक्क्यांनी मोठा होतो.

१०. कोनावरून त्रिज्या, त्रिज्येवरून वय

एम ५७ आपल्यापासून सुमारे २,५०० प्रकाशवर्षे दूर आहे. ३८ ला एका रेडियनमधल्या विकलांनी, म्हणजे २,०६,२६५ ने, भागून २,५०० ने गुणले की कवचाची त्रिज्या सुमारे ०.४६ प्रकाशवर्ष येते. वायू बाहेर पसरण्याचा वेग सेकंदाला अंदाजे २५ किलोमीटर धरला, तर प्रकाश त्याच्यापेक्षा १२,००० पट वेगवान आहे. जे अंतर प्रकाश ०.४६ वर्षात कापतो ते कापायला वायूला त्याच्या १२,००० पट वेळ लागतो: सुमारे ५,५०० वर्षे.

या उत्तराचा अर्थ 'काही हजार वर्षे' एवढाच घ्यावा. घड्याळाची एका सेकंदाची चूक वयात हजारेक वर्षांचा फरक पाडते, कारण वलयाची कड धूसर आहे आणि ती नेमकी केव्हा नाहीशी झाली हे प्रत्येकाला वेगळे वाटते. वेग सुरुवातीपासून एकच होता हेही गृहीतच आहे. वायूचा वेग कवचाच्या वेगवेगळ्या भागांत वेगळा असतो. शिवाय डोळ्याला दिसणारी कड ही वायूची शेवटची हद्द नव्हे. वलयाबाहेर दीर्घ छायाचित्रांतच उमटणारे फिकट थर आहेत आणि ते आधी सोडलेल्या वायूचे आहेत. म्हणून नोंदवहीत नुसते वय लिहू नये. मोजलेले सेकंद, विशालन, धरलेले अंतर आणि धरलेला वेग हे चारही आकडे शेजारी लिहावेत, म्हणजे पुढे अधिक चांगले अंतर किंवा वेग हाती आला की पुन्हा दुर्बीण न लावता तेच निरीक्षण नव्याने हिशेबात घेता येते.